पहिली दहा मिनिटे : लांबलचक ट्युटोरियलमध्येच गेम सोडणाऱ्या खेळाडूसाठी गेम कसा निवडावा

माझा भाचा सतरा वर्षांचा आहे आणि तो आठवीत असताना त्याला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्याची अडचण, असल्याचे निदान मानसोपचारतज्ज्ञांनी केले. वाढदिवसाला त्याच्यासाठी एक मोठा, गाजलेला गेम घेतला होता. तो त्याने तीन वेळा सुरू केला आणि तिन्ही वेळा पहिल्या अर्ध्या तासातच बंद केला. घरातल्या सर्वांनी याचा अर्थ ‘याचे कशातच मन रमत नाही’ असा लावून टाकला. चौथ्या वेळी मी वही-पेन्सिल घेऊन त्याच्या शेजारी बसले आणि काहीही न बोलता फक्त वेळ टिपत गेले. सुरुवातीची चित्रफीत अकरा मिनिटे चालली. त्यानंतर चालणे, कॅमेरा फिरवणे, वस्तूंची पिशवी उघडणे आणि शस्त्र बदलणे यांच्या सूचनांच्या चौकटी एकामागून एक येत गेल्या. पाचवी चौकट त्याने न वाचताच बंद केली, आठवीनंतर कंट्रोलर गादीवर ठेवला आणि तो म्हणाला, “मावशी, मला यात नेमकं करायचं काय आहे, तेच अजून कळलेलं नाही.”

तोपर्यंत तो एकदाही हरला नव्हता, कारण हरण्याजोगे काही त्याच्यासमोर आलेच नव्हते. गेम अवघड म्हणून त्याने सोडलेला नव्हता. पुढे कधीतरी उपयोगी पडेल असे आठ सूचनांचे ओझे डोक्यात धरून ठेवायचे आणि त्या बदल्यात हाताला काहीच काम मिळायचे नाही, ही स्थिती त्याला सहन झाली नव्हती. एडीएचडीमध्ये अनेकांना नुकतीच ऐकलेली माहिती काही काळ मनात धरून ठेवणे अवघड जाते, आणि उशिरा मिळणाऱ्या फळासाठी थांबणे तर त्याहूनही अवघड जाते. लांब ट्युटोरियल, म्हणजे गेम कसा खेळायचा हे शिकवणारा सुरुवातीचा भाग, नेमक्या याच दोन गोष्टींची मागणी करतो. पिशवीत एकही वस्तू नसताना पिशवी कशी लावावी हे शिकवले, तर ते शिक्षण चिकटायला मनात जागाच नसते.

याच्या उलट रीतीचे उत्तम उदाहरण १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्या पातळीत आहे. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उजवीकडे तोंड करून उभा असतो आणि त्याच्यापुढे मोकळी जागा असते, त्यामुळे कुठे जायचे हे सांगावे लागत नाही. थोडे चालताच समोरून पहिला शत्रू येतो. उडी मारली नाही तर मारिओ मरतो आणि काही सेकंदांत पुन्हा सुरुवातीला उभा राहतो. या सगळ्यात वाचायला एक ओळही नाही. २००७ सालच्या ‘पोर्टल’ने हीच रीत कोड्यांसाठी वापरली. त्यात एका दालनात एकच नवी कल्पना शिकायची असते, आणि दालनाच्या तोंडाशी असलेल्या फलकावर आपण एकूण १९ पैकी कितव्या दालनात आहोत हे मोठ्या आकड्यांत लिहिलेले असते. त्या आकड्याचे महत्त्व मला भाच्याला खेळताना पाहूनच कळले. “अजून किती?” हा प्रश्न त्याच्या मनात सतत चालू असतो, आणि त्याचे उत्तर भिंतीवर दिसत असले की तो प्रश्न त्याला खेळापासून दूर ओढत नाही.

आधी सोडण्याचा क्षण टिपावा

नवा गेम घेण्यापूर्वी, खेळाडूने आजवर सोडलेल्या दोन-तीन गेमची सुरुवात त्याच्याबरोबर पुन्हा एकदा पाहावी आणि वहीत प्रत्येकासाठी दोनच गोष्टी लिहाव्यात. कितव्या मिनिटाला हात थांबला, आणि त्या क्षणी पडद्यावर काय होते? “तुला का कंटाळा आला?” असे विचारू नये. या प्रश्नाचे उत्तर बहुधा “माहीत नाही” असेच येते आणि त्यात दोष दिल्यासारखा सूर लागतो. पडद्यावर काय होते हे लिहिलेले असले की कारण आपोआप वेगळे पडते. मजकुराच्या चौकटी असताना हात थांबला असेल तर अडचण शिकवण्याच्या रीतीत आहे. मोकळ्या नकाशावर भटकताना थांबला असेल तर अडचण ध्येय न दिसण्याची आहे. हरल्यावर मागचा भाग पुन्हा खेळावा लागला तेव्हा थांबला असेल, तर अपयशाची किंमत त्याला जास्त पडते आहे. या तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत.

दुसऱ्या प्रकाराबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण ट्युटोरियल नाही म्हणजे गेम योग्यच, असा समज सहज होतो. ‘माइनक्राफ्ट’मध्ये खेळाडूला थेट जगात सोडले जाते, पण पुढे काय करायचे हेही ठरवून दिलेले नसते. काही मुलांना तिथे पंख फुटतात, तर काही जण पंधरा मिनिटांत बाहेर पडतात. माझा भाचा दुसऱ्या गटातला. तिथे ध्येय आपणच पुरवावे लागते. त्या जगातला उजेड साधारण १० मिनिटे टिकतो, म्हणून “अंधार पडायच्या आत चार भिंती आणि दार” हे एकच वाक्य त्याला पहिल्या दिवसाचे ध्येय म्हणून पुरले.

मग विकत घेण्यापूर्वी तीन वेळा मोजाव्यात

इंटरनेटवर त्या गेमचा, कोणी मध्ये बोलत नसलेला आणि ‘न्यू गेम’पासून सुरू होणारा व्हिडिओ शोधावा. जाहिरातीची चित्रफीत इथे उपयोगाची नाही, कारण तिच्यात सुरुवातीचा कंटाळवाणा भाग कधीच दाखवलेला नसतो. व्हिडिओची पहिली दहा मिनिटे घड्याळ लावून पाहावीत.

पहिली वेळ म्हणजे खेळाडूच्या हाती खरे नियंत्रण येईपर्यंतची. केवळ दोन पावले चालवून पुन्हा चित्रफीत सुरू होत असेल, तर ते नियंत्रण धरू नये. दुसरी वेळ पहिले ध्येय पूर्ण होईपर्यंतची, आणि ‘पूर्ण झाले’ हे गेमने आवाजाने, आकड्याने किंवा खुणेने स्पष्ट सांगितले पाहिजे. तिसरी वेळ हरल्यापासून पुन्हा प्रयत्न सुरू होईपर्यंतची. आमच्या घरी पहिलीसाठी एक मिनिट, दुसरीसाठी पाच मिनिटे आणि तिसरीसाठी दहा सेकंद अशी मर्यादा ठरली आहे. हे आकडे भाच्याच्या नोंदींवरून काढलेले आहेत. दुसऱ्या खेळाडूचे आकडे त्याच्या वहीतूनच काढावे लागतील.

याखेरीज एक गोष्ट व्हिडिओत दिसत नाही, पण ती विचारात घ्यावीच लागते. हा गेम दहा दिवस बंद राहिला तर परत येता येईल का? लक्ष टिकवण्याची अडचण असलेला खेळाडू मध्येच आठवडाभर दुसरीकडे वळतो, आणि परतल्यावर वीस बटणे व अर्धवट कथा विसरलेली असते. ज्या गेममध्ये प्रत्येक बैठक स्वतंत्र असते किंवा बटणे चार-पाचच असतात, तिथे हे परतणे स्वस्त पडते.

गेमचा मोफत डेमो मिळत असेल तर तो आधी घ्यावा. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानातून विकत घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याची एकूण वेळ २ तासांपेक्षा कमी असेल तर परत करता येतो. मात्र गेम उघडा ठेवून जेवायला गेले तरी तो वेळ या दोन तासांत धरला जातो, म्हणून चाचणी चालू असताना उठण्यापूर्वी गेम बंद करण्याची शिस्त पाळावी.

एक गेम सविस्तर : व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स

या तिन्ही वेळांत सहज बसणारा, आणि आम्ही पहिल्यांदा निवडलेला गेम म्हणजे ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’. त्याची पूर्ण आवृत्ती २०२२ मध्ये आली. संगणकावर आणि कन्सोलवर तो मिळतो आणि मोबाइलवर मोफतही आहे. त्यात खेळाडूला एकच काम असते आणि ते म्हणजे पात्राला हलवणे. शस्त्रे आपोआप चालतात. चारी बाजूंनी राक्षस येतात, मेलेल्या राक्षसांतून रत्ने पडतात, रत्ने गोळा केली की लेव्हल वाढते आणि त्या क्षणी खेळ थांबून काही पर्यायांतून एक निवडायला सांगतो. हे थांबणे मला फार मोलाचे वाटते. धांदलीत ठराविक अंतराने श्वास घ्यायला जागा मिळते आणि त्या जागी वाचायचा मजकूर एखाद-दोन ओळींचाच असतो.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी मी सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी बंद केल्या. `Flashing VFX` बंद केल्याने लखलखाट कमी होतो, आणि `Damage Numbers` बंद केल्याने प्रत्येक फटक्याबरोबर उडणारे आकडे नाहीसे होतात. दहा मिनिटांनंतर पडदा राक्षसांनी इतका भरतो की हे आकडे लक्ष खेचून घेतात आणि आपले पात्र कुठे आहे हेच दिसेनासे होते. हे सेटिंग खेळाडूच्या हाती गेम देण्याआधीच करावे, कारण त्याच्यासमोर मेनूत शिरलो की आपणच एक नवे ट्युटोरियल उभे करतो.

खेळायला बसताना मी त्याला दोनच वाक्ये सांगितली. “तू फक्त पळायचंस, मारणं आपोआप होईल. पाचव्या लेव्हलपर्यंत जग.” आँतोनिओ हे पहिले पात्र आणि मॅड फॉरेस्ट हा पहिला नकाशा घेऊन तो मिनिटभरात मैदानात होता. पहिल्या फेरीत तो काही मिनिटांतच मेला, पण एव्हाना एक मिनिट जगल्याबद्दल एक वस्तू आणि पाचवी लेव्हल गाठल्याबद्दल दुसरी अशा दोन नव्या वस्तू त्याला मिळाल्या होत्या, आणि गोळा केलेले सोनेही त्याच्याकडेच राहिले होते. त्या सोन्यातून कायमच्या सुधारणा विकत घेता येतात. हरलेल्या फेरीतूनही हातात काहीतरी उरते, हे त्याने न सांगता ओळखले आणि लगेच दुसरी फेरी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी अडचण आली, आणि ती प्रत्येक घरी येण्याजोगी आहे. एक पूर्ण फेरी ३० मिनिटांची असते. पहिली पाच मिनिटे ध्येये भराभर येतात, पण मधल्या काळात लेव्हल वाढण्याचा वेग मंदावतो आणि ‘तीस मिनिटे जगायचे’ हे ध्येय फार दूरचे वाटू लागते. चौदाव्या मिनिटाला त्याने गोल-गोल फिरायला सुरुवात केली आणि त्याची नजर खिडकीकडे गेली. कंटाळा येण्याची ही खूण मी तेव्हापासून ओळखते. हात चालू असतो, पण निवड करताना तो न वाचता पहिलाच पर्याय दाबत असतो. त्यावर उपाय गेममध्येच होता. मुख्य मेनूतल्या `Unlocks` यादीत प्रत्येक नवी गोष्ट कोणत्या अटीवर मिळते ते एका ओळीत लिहिलेले असते. खेळायला बसण्यापूर्वी त्या यादीतून त्याने स्वतःच एक ओळ निवडायची आणि तेवढीच त्या फेरीची अट मानायची, असे आम्ही ठरवले. मॅड फॉरेस्टमध्ये विसावी लेव्हल गाठली की इनलेड लायब्ररी हा दुसरा नकाशा उघडतो. ती त्याची पहिली मोठी अट होती. अट पूर्ण झाल्यावर तिथेच फेरी सोडून द्यायलाही त्याला परवानगी होती. तीस मिनिटे पूर्ण केली पाहिजेत हा आग्रह धरला असता, तर हाही गेम गादीवर पडला असता.

एक बारकावा आणखी. आँतोनिओचा चाबूक फक्त आडव्या दिशेने चालतो, त्यामुळे वरून किंवा खालून आलेले राक्षस सुटतात आणि नवख्याला आपण चुकीचे काहीतरी करतो आहोत असे वाटते. लेव्हल वाढताना `Magic Wand` दिसल्यास ते घ्यावे, कारण ते सर्वांत जवळच्या शत्रूवर आपोआप मारा करते. सुरुवातीला इतका एकच सल्ला द्यावा.

वेग नको असेल तेव्हा

सगळ्याच खेळाडूंना ही धांदल मानवत नाही. कॉलेजमधून थकून आलेल्या दिवशी भाच्यालाही ती नको असते. अशा वेळी ‘पॉवरवॉश सिम्युलेटर’ आमच्या घरी चालतो. त्यात पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मळलेल्या वस्तू धुवायच्या असतात आणि पहिले काम आपल्याच गाडीचे असते. वेळेचे बंधन नाही. मळ टक्क्यांत मोजलेला दिसतो आणि गाडीचा एकेक भाग पूर्ण स्वच्छ झाला की तो उजळतो व घंटीसारखा आवाज येतो. हे छोटे भाग हीच छोटी ध्येये आहेत. घाण नेमकी कुठे उरली आहे ते दाखवणारे बटण त्यात आहे. ते पहिल्या मिनिटातच दाखवून ठेवावे, कारण शेवटचा अर्धा टक्का शोधत बसणे हीच या गेममधली सोडण्याची जागा आहे. पुढची कामे मोठी होत जातात आणि एकेक काम कित्येक तास चालते, पण अर्धवट काम तसेच जपून ठेवले जाते, त्यामुळे “आज फक्त मागचे दार” असे तुकडे पाडता येतात.

विचार करायला आवडणाऱ्या, पण घाईत चुकणाऱ्या खेळाडूसाठी ‘इन्टू द ब्रीच’ उत्तम आहे. आठ बाय आठ घरांच्या पटावर तीन यंत्रमानव घेऊन शहर वाचवायचे असते. पुढच्या पाळीत शत्रू नेमका कुठे मारणार हे आधीच दाखवलेले असते, त्यामुळे सगळी कोडी डोळ्यांपुढे राहतात आणि मनात काही धरून ठेवावे लागत नाही. लढाई ठराविक थोड्या पाळ्यांतच संपते आणि किती पाळ्या उरल्या हे पडद्यावर लिहिलेले असते. विचार न करता टाकलेले पाऊल परत घेता येते, आणि प्रत्येक लढाईत एकदा संपूर्ण पाळी पुन्हा खेळता येते. घाईने बटण दाबणाऱ्याला ही सवलत फार दिलासा देते. मात्र संपूर्ण मोहीम हरली तर नव्याने सुरुवात करावी लागते. म्हणून ज्याच्या वहीत ‘हरल्यावर थांबला’ अशी नोंद वारंवार आहे, त्याला हा गेम आधी देऊ नये. त्याच्यासाठी ‘सेलेस्ट’ बरा. त्यात मेल्यावर क्षणात त्याच खोलीच्या तोंडाशी परत येता येते, आणि खेळ सोपा करून देणाऱ्या असिस्ट मोडमध्ये खेळाचा वेग कमी करता येतो.

हवा असलेला गेमच लांब ट्युटोरियलचा असेल तर

भाच्याला अखेर तो वाढदिवसाचा गेमच खेळायचा होता, कारण त्याचे सगळे मित्र त्याबद्दल बोलत होते. ही इच्छा योग्यच होती, म्हणून आम्ही ट्युटोरियल ओलांडण्याची सोय केली. आधी सेटिंगमध्ये ट्युटोरियल किंवा सूचना बंद करण्याची सोय आहे का ते पाहिले. ती नव्हती. मग सेव्हच्या जागा एकाहून अधिक आहेत याची खात्री करून घेतली. सुरुवातीचा भाग एका रात्री मी स्वतः खेळून पार केला आणि पहिली मोकळी मोहीम जिथे सुरू होते तिथे वेगळा सेव्ह करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याला एक कागद दिला. त्यावर कथा तीन वाक्यांत, चार बटणे आणि एक ध्येय इतकेच होते. माझ्या पहिल्या कागदावर अकरा बटणे होती आणि त्याने तो ट्युटोरियलसारखाच बाजूला सारला होता. नंतर जसजशी गरज पडली तसतसे एकेक बटण मी तोंडी सांगितले, आणि तेही त्याने “हे कसं करायचं?” असे विचारल्यावरच. पिशवीबद्दल त्याने दुसऱ्या तासाला विचारले, तेव्हा पिशवी भरलेली होती आणि उत्तर त्याच्या एका ऐकण्यात लक्षात राहिले. मोहिमांच्या यादीत एकच मोहीम खूण करून ठेवायची आणि बाकीच्या लपवायच्या, हाही नियम आम्ही केला, कारण नकाशावर वीस खुणा दिसल्या की तो कोणत्याच खुणेकडे जात नसे.

ज्या गेमपासून सावध राहावे

वर मोजायला सांगितलेल्या तिन्ही वेळांत मोबाइलवरचे पुष्कळ मोफत गेम अगदी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होतात, आणि म्हणूनच केवळ घड्याळावर विसंबून राहता येत नाही. नियंत्रण लगेच मिळते, ध्येये छोटी असतात आणि बक्षिसे सतत येत राहतात. मग काही दिवसांनी ऊर्जा संपते, वाट पाहा किंवा पैसे भरा असा पर्याय येतो, किंवा आत काय आहे हे न सांगता पेटी विकली जाते. थांबून विचार करणे ज्याला अवघड जाते, त्याच्यावर या रचनेचा परिणाम अधिक होतो. म्हणून दुकानाच्या पानावर ‘इन-ॲप खरेदी’ लिहिलेले असेल तर काय विकले जाते ते आधी पाहावे, आणि फोनवर खरेदीसाठी पासवर्ड लावून ठेवावा. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सचे कर्ते लुका गॅलांटे पूर्वी जुगाराच्या खेळांच्या उद्योगात काम करत होते, आणि त्या गेममध्ये पेटी उघडताना होणारा झगमगाट त्या जगाची आठवण करून देतो. त्या पेट्या पैशांनी विकत घ्याव्या लागत नाहीत, म्हणून आम्ही तो गेम ठेवला, पण हा फरक भाच्याला समजावून सांगितला.

थांबण्याचा प्रश्न उरतोच, कारण जो खेळाडू ट्युटोरियलमध्ये पाच मिनिटे टिकत नाही, तोच आवडत्या फेरीत जेवणाची हाक ऐकू न येण्याइतका बुडून जातो. मध्येच गजर वाजवून खेळ तोडला की भांडण होते. म्हणून आम्ही गजराऐवजी फेऱ्या मोजतो. बसण्यापूर्वी दोन फेऱ्या असे ठरते आणि दुसरी फेरी संपल्यावर पडद्यावर निकाल दिसत असतानाच मी खोलीत येते. बंद करण्यापूर्वी तो पुढच्या वेळचे ध्येय एका चिठ्ठीवर लिहून ती कंट्रोलरखाली ठेवतो, म्हणजे दहा दिवसांनी परतला तरी काय करायचे हे शोधत बसावे लागत नाही. आत्ता तिथे असलेल्या चिठ्ठीवर त्याच्या अक्षरात लिहिले आहे, “लायब्ररी. लेव्हल २०. आधी वँड घे.”